छत १०४, दार ११५०

मानवतच्या त्या गाडीचं छत आणि डावीकडचं मागचं दार यांच्या रंगात डोळ्यांना काहीच फरक दिसत नव्हता. दोन्ही पांढरे आणि दोन्हींना सारखीच चमक. दाजींना गाडी पसंत पडली होती. २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, पासिंग एमएच २२, एकच मालक. "गाडी एक नंबर आहे दादा, कुठंच रंग लागलेला नाही," असं मालकही मनापासून सांगत होते. मी खिशातून यंत्र काढलं आणि छतावर टेकवलं, आकडा आला १०४. डाव्या मागच्या दाराच्या तळाशी टेकवलं, तिथं आला ११५०.

हे आकडे मायक्रॉनचे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. झेरॉक्सचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे छतावरचा सगळा रंग मिळून एका कागदाएवढा होता आणि दारावर अकरा कागदांची चळत होती. गाडी घ्यायची की सोडायची, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही. परभणी जिल्ह्यात जुनी गाडी बघायला गेलं की दोन टोकाची माणसं भेटतात. एक म्हणतात, "रंग लागला म्हणजे ठोकलेली गाडी, हात लावू नका." दुसरे म्हणतात, "रंग तर सगळ्याच गाड्यांना लागतो, इंजिन बघा." दोघांचंही अर्धंच खरं आहे. पत्र्यावर काय थापलंय ते यंत्र सांगतं. पत्रा जागचा हलला आहे का, ते दोन भागांमधल्या फटी सांगतात. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली तरच खरचटलेली गाडी आणि ठोकलेली गाडी यांतला फरक कळतो.

आधी कंपनीचा रंग समजून घेऊ. कारखान्यात पत्र्याचा सांगाडा रसायनाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने त्यावर पहिला थर बसवतात. तो वीसेक मायक्रॉनचा असतो आणि गंजापासून वाचवण्याचं काम मुख्यतः तोच करतो. त्यावर प्राइमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट येतो. क्लिअर कोट बहुधा सगळ्यांत जाड, ३५ ते ४५ मायक्रॉनचा. सगळं मिळून बहुतेक गाड्यांवर ८० ते १५० मायक्रॉन भरतात. आपल्याकडच्या लहान गाड्यांवर १०० च्या आसपास आकडा नेहमी दिसतो. मोत्यासारखी झाक असलेल्या रंगांना एक थर जास्त असल्यामुळे तिथं आकडा थोडा वर जातो. हे काम रोबोट करतात, म्हणून एकाच पत्र्यावर दहा ठिकाणी मोजलं तरी आकडे दहा-पंधरा मायक्रॉनच्या आत फिरतात. कंपनीच्या रंगाची खरी ओळख या सारखेपणात आहे. आकडा किती आला हा त्यानंतरचा प्रश्न.

गॅरेजमधल्या रंगाचं तसं नसतं. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. तयार गाडीत वायरिंग, रबर आणि प्लास्टिक असतं, त्यामुळे ती गाडी परत तेवढी तापवता येत नाही. म्हणून गॅरेजमध्ये हार्डनर मिसळलेला रंग वापरतात. चांगल्या ठिकाणी तो बूथमध्ये ६० अंशांवर सुकवतात, बाकी ठिकाणी उन्हातच. खालचा जुना रंग घासून त्यावर नवा प्राइमर, नवा रंग आणि नवा क्लिअर कोट बसतो. त्यामुळे नुसता ओरखडा दुरुस्त केला असेल तर आकडा २०० ते ३०० च्या घरात येतो. पत्रा दबला असेल तर डेंटर तो जमेल तेवढा बाहेर ओढतो आणि उरलेला खड्डा लांबी भरून घासतो. तिथं आकडा एकदम ५००, १०००, कधी २००० पर्यंत उडतो. शिवाय लांबी हाताने भरलेली असल्यामुळे चार बोटांवर आकडा बदलतो. मार्च ते मे या काळात परभणीच्या उघड्या गॅरेजमध्ये रंगवलेल्या गाडीवर आणखी एक खूण राहते. वाऱ्याने उडालेली काळी माती ओल्या क्लिअर कोटमध्ये बसते. तळहात हलका फिरवला की रव्यासारखे कण लागतात. कंपनीच्या रंगाला हात असा अडत नाही.

यंत्र छोटंच असतं, मुठीत मावणारं. काही हजारांत मिळतं. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकाच्या तत्त्वावर चालतं. यंत्राचं टोक पत्र्यापासून जितकं लांब, तितका रंग जाड. ॲल्युमिनियमवर चुंबक चालत नाही, तिथं ते पत्र्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह उठवून अंतर मोजतं. स्क्रीनवर `Fe` दिसलं तर खाली लोखंड, `NFe` दिसलं तर ॲल्युमिनियम. काही महागड्या गाड्यांचं बोनेट ॲल्युमिनियमचं असतं, म्हणून लोखंडापुरतंच चालणारं स्वस्त यंत्र तिथं मुकं राहतं. बंपर, आरशांची टोपणं आणि स्पॉयलर प्लास्टिकचे असतात. त्यांवर हे यंत्र चालत नाही. गाडीत सगळ्यात आधी घासला जाणारा भाग म्हणजे बंपर, आणि नेमका त्याच्याबद्दल हे यंत्र काहीच सांगू शकत नाही.

मोजण्याआधी दोन मिनिटं यंत्राची परीक्षा घ्यावी. सोबत आलेल्या कोऱ्या लोखंडी चकतीवर शून्य करावं. मग गाडीच्या छतावर एक आकडा घ्यावा, त्याच जागी झेरॉक्सचा एक कागद ठेवून पुन्हा घ्यावा. आकडा साधारण १०० ने वाढला तर यंत्र ठीक आहे. आकडे ४.१, ३.९ असे येऊ लागले तर घाबरू नये, यंत्र `mils` वर आहे. एक मिल म्हणजे २५.४ मायक्रॉन. बटण दाबून `µm` वर आणावं. पत्र्याच्या कडेपासून दोन बोटं आत आणि वळणापासून दूर मोजावं, नाहीतर आकडा फसवतो. गाडी धुतलेली असावी. आणि आपल्याकडे हे काम सकाळीच करावं. मे महिन्यात दुपारी बाराला बोनेटवर हात ठेववत नाही, आणि तापलेल्या पत्र्यावर हे यंत्र भरवशाचं राहत नाही.

यंत्र नसेल तर जुना उपाय आहेच. फ्रिजवरचं चपटं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवायचं. लांबीचा जाड थर असेल तिथं ते नीट धरत नाही आणि घसरतं. ओरखड्यावर मारलेला नुसता रंग मात्र चुंबकाला कळत नाही. दीड-दोनशे मायक्रॉनचा फरक त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे.

मानवतच्या गाडीवर मी वहीत गाडीचं चित्र काढून आकडे लिहीत गेलो. एकेका पत्र्यावर पाच-सहा जागा, सगळे मिळून साठेक आकडे. छत ९८ ते ११०. बोनेट १०५ ते ११५. उजवीकडचं फेंडर, दोन्ही दारं आणि मागचा क्वार्टर पॅनेल १०० ते ११८. डिकीही तशीच. डावं पुढचं फेंडर १०३ ते ११२. डावं पुढचं दार मात्र २३० ते २६०, सगळीकडे जवळपास सारखं. डावं मागचं दार खिडकीखाली २५०, मधल्या रेषेवर ४१०, तळाशी ६८०, ८९०, ११५०. त्याच्यामागे क्वार्टर पॅनेलचा दाराला लागून असलेला वीतभर भाग १९० आणि पुढे पुन्हा ११०.

हे आकडे वाचताना पत्र्यांचे दोन वर्ग मनात ठेवावे लागतात. बोनेट, फेंडर, दारं आणि डिकी बोल्टने बसवलेली असतात. खराब झाली की काढून दुसरी लावता येतात. छत, खांब, म्हणजे पिलर, क्वार्टर पॅनेल आणि दाराखालचा उंबरा, ज्याला गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात, हे सांगाड्याला वेल्ड केलेले असतात. ते बदलायचे तर कापावे लागतात. दारावर ११५० आले तर तो भावाचा विषय. पिलरवर ५०० आले तर तो गाडी न घेण्याचा विषय. इथं डाव्या बाजूची गोष्ट अशी दिसत होती: मागच्या दाराच्या तळाला जोरात काहीतरी लागलं, खड्डा लांबीने भरला. पुढच्या दाराला नुसतं घासलं होतं, त्यावर रंगच मारला. क्वार्टरवरचे १९० म्हणजे रंग जुळवण्यासाठी पेंटरने शेजारच्या पत्र्यावर थोडा रंग विरवत नेला असणार. पण दाराला एवढं जोरात लागलं असेल तर दारामागचा पिलरही आत गेला का, याचं उत्तर यंत्राकडे नव्हतं. त्यासाठी फटी मोजायच्या होत्या.

फट मोजायला मी जुनी एटीएम कार्डं वापरतो. प्रत्येक कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर ठरलेली असते, म्हणून एकावर एक ठेवून फटीत किती बसतात ते मोजलं की झालं. पत्र्यावर ओरखडा पडत नाही. पुस्तकातला आकडा शोधत बसू नये. डाव्या बाजूची फट त्याच गाडीच्या उजव्या बाजूशी जुळवावी, वर, मध्ये आणि खाली. उजवीकडे पुढच्या आणि मागच्या दारातल्या फटीत वरपासून खालपर्यंत पाच कार्डं बसत होती, आणि मागचं दार व क्वार्टर यांच्यातही पाच. डावीकडे वरच्या टोकाला तसंच, पाच आणि पाच. खालच्या टोकाला मात्र दोन दारांमध्ये तीनच कार्डं गेली आणि दार व क्वार्टरमध्ये सात.

दाजींचा चेहरा पडला. पण या आकड्यांची बेरीज करून पाहा. उजवीकडे पाच अधिक पाच, दहा कार्डं. डावीकडे तीन अधिक सात, तीही दहाच. दार ज्या चौकटीत बसतं ती चौकट आखडली किंवा पसरली असती तर ही बेरीज बदलली असती. बेरीज तीच आहे आणि वाटणी बदलली आहे, याचा अर्थ चौकट जागेवर आहे आणि दाराचा खालचा भाग पुढे सरकून बसलाय. हा हिशेब पुढचं दार सरळ असेल तरच खरा, म्हणून फेंडर आणि पुढचं दार यांच्यातली फट आधी पाहिली होती. ती दोन्ही बाजूंना सारखी होती.

दार बिजागरी झिजूनही लोंबतं, विशेषतः ड्रायव्हरचं. मग त्याचं मागचं टोक खाली येतं, दाराची मधली रेषा शेजारच्या पत्र्याच्या रेषेशी जुळत नाही आणि अर्धवट उघडून टोकाला धरून उचललं तर हाताला खेळ जाणवतो. इथं रेषा जुळत होती आणि खेळ नव्हता. मग दार पूर्ण उघडून बिजागऱ्या पाहिल्या. कंपनीत बोल्ट बसवून मग रंग मारतात, त्यामुळे बोल्टच्या डोक्यावर आणि वॉशरच्या कडेला रंग अखंड असतो. वरच्या बिजागरीचा रंग अखंड होता. खालच्या बिजागरीच्या दोन्ही बोल्टच्या कोपऱ्यांवर पान्याने रंग उडाला होता आणि वॉशरशेजारी चंद्रकोरीसारखी जुनी जागा उघडी पडली होती. बोल्ट सैल करून बिजागरी सरकवली गेली होती.

शेवटची तपासणी रबराखाली. दाराच्या चौकटीला बसवलेलं रबर हाताने ओढलं की निघतं आणि थोपटलं की परत बसतं, पण मालकाला विचारूनच ओढावं. त्याखाली दोन पत्र्यांची जोडकड दिसते आणि तिच्यावर स्पॉट वेल्डचे गोल खळगे, जवळपास सारख्या अंतरावर. पिलर ओढून किंवा कापून दुरुस्त केला असेल तर हे खळगे ग्राइंडरने घासलेले दिसतात, त्यांच्या जागी वेल्डिंगची ओबडधोबड रेघ असते, किंवा लांबीने सगळं गुळगुळीत झालेलं असतं. इथं खळगे तळापर्यंत एका ओळीत होते. पिलरच्या आतल्या बाजूला यंत्राने ८६, ९१, ८८ दाखवले. दारांच्या आतल्या जागी कंपनीचा रंग बाहेरच्यापेक्षा पातळच असतो, त्यामुळे हे अपेक्षित होतं. रनिंग बोर्ड ११२.

मी वही मालकांसमोर धरली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "हाव, मागच्या साली उसाची ट्रॉली घासली होती. मला वाटलं दाराचंच तर आहे, त्यात काय सांगायचं." त्यांच्या लेखी ते खोटं बोललेच नव्हते. अपघात म्हणजे माणसाला लागलेलं, ही आपल्याकडची सरळ समजूत आहे. पण दाराच्या तळाशी लांबीचा जाड थर आहे. तो काही वर्षांनी तडकेल, आत पाणी शिरेल आणि रंगाला फोड येतील. तेव्हा एक दार दुरुस्त करून रंगवण्याचा खर्च भावातून वजा झाला आणि दाजींनी गाडी घेतली.

प्रत्येक वेळी गोष्ट इतकी सरळ उलगडत नाही. छत हा मोजणीचा आधार धरायचा, कारण त्याला सहसा काही लागत नाही, असं सगळेच सांगतात. मराठवाड्यात मात्र हा आधार कधी कधी फसतो. वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा, विशेषतः लाल आणि गडद रंगाच्या, क्लिअर कोट उन्हाने आधी छतावर आणि बोनेटवर पांढुरका होतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. मग मालक छत रंगवून घेतो. छतावर सगळीकडे सारखे २३० आणि बाकी गाडी १०० असेल, तर गाडी उलटली होती असा निष्कर्ष घाईचा ठरेल. छताच्या कडा, काचेच्या वरचे पिलर आणि चारही दारांच्या वरच्या फटी नीट असतील तर ते उन्हाचंच काम. अख्खी गाडी रंगवलेली असेल तर बाहेर सगळीकडे सारखाच मोठा आकडा येतो आणि खटकत नाही. म्हणून दाराच्या आतली चौकट आणि डिकीची कड ही दुसरी साक्ष नेहमी घ्यावी. आत ९० आणि बाहेर सर्वत्र २५० असेल तर प्रश्न विचारावा. उलट ६०-६५ असा फार कमी आकडा आला तर तो रबिंग-पॉलिशने क्लिअर कोट झिजवल्याचा. अशा गाडीला आणखी एकदा पॉलिश सोसणार नाही.

कागदपत्रांचा आधारही जपून घ्यावा. विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनस लिहिलेला असतो. पहिल्या क्लेमविना वर्षानंतर २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. "५० टक्के बोनस आहे, म्हणजे गाडीला काही झालंच नाही," हे वाक्य प्रत्येक व्यवहारात ऐकू येतं. पण हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेताना तो सोबत नेता येतो. आणि तो बुडू नये म्हणूनच कितीतरी लोक दहा-पंधरा हजारांचं काम क्लेम न करता कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये रोखीने करून घेतात. त्या मानवतच्या गाडीचा बोनसही शाबूत होता. बोनस बुडालेला दिसला तर मात्र कशाचा क्लेम होता, हे विचारायला जागा मिळते.

सगळ्यांत अवघड गाठ असते नव्या पत्र्याची. ठोकलेलं फेंडर दुरुस्त न करता नवं आणलं तर ते काळ्या पातळ थरात येतं. त्यावर लांबी लागत नाही, नुसता रंग आणि क्लिअर कोट. मग यंत्रावर १२०-१४० असा अगदी निरागस आकडा येतो. गंगाखेड रोडला बघितलेली एक चंदेरी सेडान अशीच होती. पासिंग पुण्याचं, आकडे सगळीकडे १०० ते १३५, बोनेटवर १४०. यंत्रापुरती ती जवळजवळ कोरी गाडी. पण बोनेट आणि फेंडर यांच्या फटीत डावीकडे चार कार्डं गेली आणि उजवीकडे सहा. बोनेट वर करून पाहिलं तर दोन्ही फेंडरच्या बोल्टच्या डोक्यांवर रंगच नव्हता, उघडा धातू चमकत होता. एक हेडलाइट सात वर्षांच्या उन्हाने पिवळा पडलेला, दुसरा काचेसारखा स्वच्छ. रेडिएटरच्या वरच्या आडव्या पत्र्यावर स्पॉट वेल्डचे खळगे डाव्या टोकापर्यंत ओळीने होते, उजव्या टोकाला ओळ अचानक संपून तिथं घासलेला पत्रा दिसत होता. चाकावरच्या एप्रनच्या जोडावरचं सीलंट एका बाजूला सरळ रेघेत होतं, दुसऱ्या बाजूला बोटाने ओढलेलं. बोल्टचे भाग बदलले होते, पण त्यांच्यामागचा वेल्डचा भाग वाकून पुन्हा सरळ केलेला होता.

विकणाऱ्याने विचारलं, "मशीनमध्ये तर सगळं ओके आलं ना?" मी म्हटलं, मशीनमध्ये ओके आलं, फटीत नाही आलं. कार्डं गोळा केली, बोनेट बंद केलं आणि आम्ही तिथून निघालो.